रागात घेतलेली शपथ : ती लागू होते का, मोडली कधी आणि कफ्फारा कसा द्यायचा

गोव्यात शपथ फार स्वस्त आहे. बाजारात भाव करताना 'देवाशप्पथ', मुलाला दटावताना 'तुझ्या गळ्याची शपथ', भांडणात 'आजपासून तुझं तोंड बघणार नाही'. कोकणीत सोपूत घालतात, आमच्या मुसलमान घरांत 'अल्ला कसम' म्हणतात. सूर सगळीकडे तोच. फरक इतकाच, की इस्लामी फिक्हने, म्हणजे जुन्या धर्मकायद्याने, या शब्दांचा बारीक हिशेब मांडून ठेवला आहे. कोणता शब्द बांधतो, तो मोडला असं कधी म्हणायचं आणि मोडल्यावर भरपाई म्हणून काय द्यायचं, म्हणजे कफ्फारा, हे सगळं त्यात आहे. आमच्याकडे बहुतेकांना यातली एकच गोष्ट ऐकून माहीत असते : 'कसम तुटली की तीन रोजे.' आणि नेमकी तीच चुकीची.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे. सगळे प्रकार एकदम सांगत बसत नाही. घराघरांत घडणारी एकच शपथ घेऊ आणि तिचा माग शेवटपर्यंत काढू.

उदाहरण रचलेलं आहे, पण सत्तरीत राहणाऱ्याला ते ओळखीचं वाटेल. दोन भाऊ, वडिलार्जित काजूची बाग. काजूच्या हिशेबावरून ईदच्या दुसऱ्या दिवशी भांडण झालं. धाकटा उठला आणि चार माणसांसमोर अल्लाची शपथ घेऊन म्हणाला, "वल्लाह, भाईजान, तुमच्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही!" राग आठ दिवसांत उतरला. शपथ मात्र राहिली.

आधी एक खुलासा. गोव्यात हनफी आणि शाफई असे दोन्ही मजहब, म्हणजे धर्मकायद्याचे पंथ, भेटतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे कोकणी मुसलमान बहुधा शाफई, कर्नाटकातून किंवा घाटावरून आलेली घरं बहुधा हनफी. शपथेच्या बाबतीत या दोघांत बरंच अंतर आहे, म्हणून आपलं घर कोणतं हे आधी विचारून घ्या. पुढे जिथे फरक पडतो तिथे दोन्ही मतं देतो.

पहिली पायरी : ही शपथ आहे की मन्नत?

दोन्हींत माणूस स्वतःला बांधून घेतो, पण गाठ वेगळी असते. शपथेत (अरबीत यमीन) अल्लाचं नाव घेऊन 'हे करीन' किंवा 'हे करणार नाही' असं म्हटलेलं असतं. मन्नतीत (नज्र) माणूस एखादी इबादत, म्हणजे उपासना, आपल्यावर लादून घेतो : 'मुलगा बरा झाला तर अल्लासाठी पाच रोजे धरीन.' आपल्या नवसाची ही सख्खी बहीण.

मन्नत असेल आणि अट पूर्ण झाली असेल, तर जे बोललं तेच करायचं. मुलगा बरा झाला की पाच रोजे धरायचे, तिथे दहा जणांना जेवू घालून सुटका होत नाही. मन्नत गुनाहाच्या कामाची असेल तर ते काम करायचंच नाही. आणि मन्नत फक्त अल्लाच्या नावाने होते. दर्ग्यात जेवण वाटण्याची मन्नत केली असेल तर फकीह, म्हणजे फिक्हचे जाणकार, त्यातला 'अल्लासाठी गरिबांना जेवण' हा भाग धरतात. पिराच्या नावाने केलेली मन्नत ते मन्नत मानत नाहीत. हनफी आणखी एक अट घालतात : जी गोष्ट करायची म्हटली, त्या जातीचं काहीतरी शरियतेत फर्ज, म्हणजे बंधनकारक, असलं पाहिजे. रोजा, नमाज, दान चालतं, आजाऱ्याला भेटायला जाण्याची मन्नत त्यांच्याकडे बांधत नाही. शाफईंकडे तीही बांधते.

मध्येच अडकणारा एक प्रकार आहे. 'त्याच्याशी बोललो तर महिनाभर रोजे धरीन.' दिसायला मन्नत, पण आतून शपथच, कारण माणसाला रोजे धरायचे नसतात, बोलणं टाळायचं असतं. अशा वेळी शाफई फकीह म्हणतात, बोलला तर महिन्याचे रोजे धर किंवा शपथेचा कफ्फारा दे, तुझी निवड. हनफींकडेही न हव्या असलेल्या अटीच्या बाबतीत हीच मोकळीक मिळते.

धाकट्या भावाच्या बोलण्यात ना इबादत, ना अट. त्याची ती शपथ. पुढे चला.

'असं केलं तर बायकोला तलाक' ही बोली मात्र या लेखाच्या बाहेरची. जुन्या कायद्यात ती शपथेच्या शेजारी बसते, पण कफ्फाऱ्याने मिटत नाही. त्यात हा लेख वापरू नका, जाणत्या आलिमाकडे जा. गोव्यातलं लग्न कायद्याने कसं मोडतं हा तर आणखी वेगळा प्रश्न. इथे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो आणि १९३७चा शरियत कायदा गोव्याला लागूच झालेला नाही.

दुसरी पायरी : शब्द बांधणारे आहेत का?

शपथ बांधते ती अल्लाच्या नावाने किंवा त्याच्या गुणवाचक नावाने : वल्लाह, बिल्लाह, खुदाची कसम, रहमानची कसम. आईची, मुलांच्या डोक्याची, गळ्याची, भाकरीची शपथ बांधत नाही. ती मोडली तर कफ्फारा नाही. पण घेणंही बरोबर नाही. पैगंबरांचे सोबती हजरत उमर वडिलांची शपथ घेत असताना पैगंबरांनी त्यांना अडवलं आणि म्हणाले, शपथ घ्यायचीच असेल तर अल्लाची घ्यावी, नाहीतर गप्प राहावं. आमच्याकडे उलटं आहे. 'अल्ला कसम' तोंडात सहज येतं आणि 'आईच्या गळ्याची शपथ' म्हटली की माणूस घाबरतो. भीती आणि बांधिलकी यांचे पत्ते इथे अदलाबदल झालेले आहेत.

कुराणावर हात ठेवून घेतलेल्या शपथेबद्दल लोक नेहमी विचारतात. शाफईंकडे कुराणाची शपथ बांधते, कारण कुराण हे अल्लाचं वचन. हनफींच्या जुन्या ग्रंथांत ती बांधत नव्हती. पुढे लोकांत तीच रीत पडली म्हणून नंतरच्या हनफी फकीहांनी ती शपथ मानली.

भाषेचं काय? अरबी लागत नाही. मरगिनानी हे बाराव्या शतकातले मध्य आशियातले हनफी फकीह. त्यांच्या 'हिदाया'मध्ये फारसी शपथेचा विचार आहे. 'सोगंद मी-खोरम ब-खुदाय', म्हणजे 'मी खुदाची शपथ घेतो आहे', ही शपथ झाली, कारण क्रिया आत्ता चाललेली आहे. नुसतं 'सोगंद खोरम' म्हटलं तर शपथ होत नाही, असं काहींचं मत त्यांनी नोंदवलं आहे. मराठीत हे चटकन कळतं : 'अल्लाची शपथ घेतो' आणि 'अल्लाची शपथ घेईन' यांत जे अंतर आहे, तेच ते.

'कसम खाऊन सांगतो' एवढंच म्हटलं, कोणाची ते सांगितलंच नाही, तर हनफींकडे तीही शपथ धरतात. शाफईंकडे अल्लाचं नाव आलंच पाहिजे.

आता सुटकेचा दरवाजा. शपथेला लागूनच, श्वास किंवा खोकल्यापेक्षा जास्त न थांबता, 'इन्शाअल्लाह' म्हटलं तर शपथ बांधत नाही. 'वल्लाह, येणार नाही, इन्शाअल्लाह' म्हणजे अल्लाच्या इच्छेवर सोडलं, आणि मग पुढे तो गेला तरी कफ्फारा नाही. रात्री घरी जाऊन पस्तावून 'इन्शाअल्लाह' म्हटलं तर मात्र उपयोग नाही, वेळ गेली.

माणूस वयात आलेला आणि शुद्धीवर असला पाहिजे, हे दोघांनाही मान्य. धमकावून घ्यायला लावलेली शपथ हनफींकडे बांधते, शाफईंकडे बांधत नाही. थट्टेत किंवा रागात घेतली म्हणून ती सुटते असं मात्र समजू नका. आमचा धाकटा रागात होता, हे खरं. पण काय बोलतोय ते त्याला कळत होतं. 'वल्लाह' होतं, पुढच्या काळाची गोष्ट होती, इन्शाअल्लाह नव्हतं. शपथ लागू झाली.

तिसरी पायरी : तीनपैकी कुठल्या खणात?

जे बोललं ते होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल की पुढच्या, हे बघायचं.

होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटी शपथ घेतली, तर ती यमीने गमूस, माणसाला गुनाहात बुडवणारी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'अल्ला कसम, मला घरातच एवढ्याला पडलं' असं म्हणून माल खपवणं, हे याचं रोजचं रूप. हनफी म्हणतात, या शपथेला कफ्फारा नाही, कारण हा गुनाह दहा ताटांनी फिटण्याएवढा लहान नाही. तौबा करायची आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायचं. शाफई तौबा सांगतातच, वर कफ्फाराही लावतात.

दुसरा खण लग्व, म्हणजे फुकट गेलेली शपथ. कुराणात (२:२२५, ५:८९) अल्ला लग्व शपथांबद्दल धरत नाही असं आहे. पण लग्व कशाला म्हणायचं? हनफींच्या मते, खरं समजून घेतलेली पण चुकीची निघालेली शपथ : 'वल्लाह, बस गेली', आणि बस उभीच असते. शाफईंच्या मते, बोलता बोलता सवयीने निघणारं 'नाही, वल्लाह', 'हो, वल्लाह'. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी लग्वचा अर्थ असाच सांगितलेला आहे. 'अल्ला कसम' हा ज्यांचा अर्धविराम आहे, त्यांना हा खण उपयोगी.

तिसरा खण मुनअकिदा, म्हणजे गाठ मारलेली : पुढे करीन किंवा करणार नाही. मोडली की कफ्फारा. धाकट्याची शपथ या खणात.

चौथी पायरी : मोडली नेमकी कधी?

लोक इथेच चुकतात, आणि फिक्ह वाचायला मजा येते तीही इथेच. हनफींचं सूत्र असं, की शपथ ही बोललेल्या शब्दांवर उभी असते, मनातल्या हेतूवर नाही, आणि शब्दांचा अर्थ लोकांत रूढ असतो तो घ्यायचा. कोणी 'गोश्त खाणार नाही' अशी शपथ घेतली आणि बांगड्याचं हुमण खाल्लं, तर शपथ मोडत नाही. कुराणात (१६:१४) समुद्रातल्या ताज्या 'लहम'चा, म्हणजे मांसाचा, उल्लेख आहे, तरीही नाही. कारण बाजारात कोणी गोश्त आणायला पाठवलं तर आपण मासळी घेऊन येत नाही. गोव्यात हा मुद्दा कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता 'तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही' हे तुकड्या-तुकड्याने घेऊ.

'पाऊल ठेवणं'. हनफी ग्रंथांत हेच वाक्य अरबीत आहे आणि उत्तर स्पष्ट आहे : याचा रूढ अर्थ 'आत जाणं'. चप्पल घालून गेला, अनवाणी गेला, स्वार होऊन गेला, सगळं सारखंच. उलट, बाहेर उभं राहून नुसता एक पाय उंबऱ्याच्या आत टेकवला आणि डबा दिला, तर शपथ मोडली नाही. शब्दशः पाऊल पडलं, पण आत जाणं झालं नाही.

'तुमच्या घरात'. हनफींकडे 'अमक्याचं घर' म्हणजे तो राहतो ते, मग ते मालकीचं असो की भाड्याचं. उद्या थोरला वाळपईचं घर सोडून पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला, तर शपथ त्या फ्लॅटला लागते. विकलेल्या जुन्या घरात धाकटा गेला तर काही बिघडत नाही. शाफईंकडे 'अमक्याचं घर' म्हणजे त्याच्या मालकीचं. राहण्याचं घर मनात धरलं असेल तरच भाड्याचं मोजायचं. धाकटा शाफई असेल तर त्याने स्वतःला विचारायचं, की बोलताना डोळ्यासमोर काय होतं.

'आत' म्हणजे कुठून पुढे? यासाठी जुन्या ग्रंथांत एक साधी कसोटी आहे आणि मला ती फार आवडते. दार बंद करून बघा. दार लावल्यावर माणूस बाहेर राहत असेल तर तो आत गेलेला नाही. दाराच्या कमानीखाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल ती सांगितलेली आहे, पण आमच्या बाल्कांवासाठीच लिहिली असावी असं वाटतं. बाल्कांव, म्हणजे घरापुढची बसायची जागा, दाराच्या बाहेर. तिथल्या सोप्यावर बसून धाकट्याने चहा घेतला, तर मुख्य दार लावल्यावर तो बाहेरच राहतो. पण कोणी बाल्कांवाला जाळी बसवून बाहेरून दुसरं दार केलं असेल, आणि घरचे लोक त्यालाच घराचं दार म्हणत असतील, तर हिशेब बदलतो. त्या घरात 'बाहेर बसलोय' असं म्हणतात की 'आत बसलोय', ते ऐका. रूढी म्हणजे तेवढंच.

आता धाकट्याचं पुढचं वर्ष पाहू. दोन महिन्यांनी तो कागदावर सही द्यायला गेला आणि बाल्कांवात बसूनच परतला. शपथ शाबूत. मग पुतणीचं निकाह आलं. ते हॉलमध्ये होतं, तो गेला, जेवला, भावाच्या गळ्यात पडला. शपथ तरीही शाबूत, कारण शब्द घराचे होते, नात्याचे नव्हते. 'पण त्याच्या मनात संबंधच तोडायचे होते ना?' असं कोणी विचारेल. असतील. पण ते तो बोलला नाही.

अंगणातल्या मांडवाबद्दलही मला कोणी ना कोणी विचारतोच. अरबीतल्या 'दार' या शब्दात घराभोवतालच्या भिंतीच्या आतली मोकळी जागाही येते. मराठीत अंगणात उभ्या माणसाला आपण 'घरात ये ना' म्हणतो. म्हणजे अंगण घरात धरलेलं नाही. मांडवात जेवणं चालेल, पानाचं तबक आणायला आत जाणं नाही.

जाता जाता आणखी एक वाट. समजा भांडण झालंच नसतं. थोरला म्हणाला असता, 'बस, जेवून जा', आणि धाकटा उत्तरला असता, 'वल्लाह, जेवणार नाही.' मग घरी जाऊन जेवला. मोडली का? नाही. ही शपथ त्या आमंत्रणाला चिकटलेली होती, त्या वेळेच्या त्या जेवणापुरती. अशा तात्कालिक शपथेचा वेगळा विचार इमाम अबू हनीफांनी पहिल्यांदा मांडला असं हनफी सांगतात. शपथ कशाच्या उत्तरात निघाली, हे म्हणून आधी आठवून पाहा.

पाचवी पायरी : पाळावी की मोडावी?

पावसाळ्यात थोरला घसरून पडला, खाटेवर आला. आता धाकट्याने काय करावं? बाल्कांवात बसून खिडकीतून विचारपूस?

शपथ पाळणं चांगलं, हे सर्वसाधारण. पण शपथ कशाची आहे यावर हुकूम बदलतो. नातं तोडण्याची शपथ ही गुनाहाची शपथ, ती मोडणं वाजिब, म्हणजे आवश्यक, होतं. कुराण (२:२२४) बजावतं, की नेकी आणि लोकांत समेट करण्याच्या आड अल्लाच्या नावाच्या शपथा आणू नका. हदीसही स्पष्ट आहे : एखाद्या गोष्टीची शपथ घेतली आणि दुसरी गोष्ट त्याहून चांगली दिसली, तर चांगली ती करावी आणि शपथेचा कफ्फारा द्यावा. हजरत आयेशांचे वडील हजरत अबू बकर यांचा प्रसंग तर आमच्या धाकट्याच्याच घरचा वाटतो. मिस्तह हा त्यांचा गरीब नातेवाईक. हजरत आयेशांवर घेतलेल्या तोहमतीत तोही बोलला. अबू बकरांनी शपथ घेतली, की याला पुन्हा दमडी देणार नाही. मग आयत उतरली (२४:२२) : ऐपत असलेल्यांनी नातेवाईकांना न देण्याच्या शपथा घेऊ नयेत. त्यांनी पुन्हा मदत सुरू केली.

तेव्हा धाकट्याने आत जावं. शपथ मोडण्याचा गुनाह इथे नाही, पण कफ्फारा आहे. 'चांगल्या कामासाठी मोडली म्हणून कफ्फारा माफ' असं होत नाही.

तो आत गेला त्या क्षणी शपथ मोडली आणि संपलीही. नंतर रोज गेला तरी एकच कफ्फारा. 'जेव्हा जेव्हा येईन तेव्हा तेव्हा' असं बोलला असता तर गोष्ट वेगळी. लोक दर फेरीला घाबरतात, त्याची गरज नाही.

सहावी पायरी : कफ्फारा

कुराणात (५:८९) तीन पर्याय दिले आहेत : आपल्या घरच्यांना जेवू घालतो त्यातल्या मध्यम प्रतीचं जेवण दहा गरिबांना, किंवा दहा गरिबांना कपडे, किंवा एक गुलाम मुक्त करणं. या तिघांत निवड माणसाची. गुलामी गेली, दोन उरले. यातलं काहीच जमण्याची ऐपत नसेल, तरच तीन रोजे.

ही 'तरच' सगळ्यांच्या नजरेतून सुटते. खिशात पैसे असताना धरलेले तीन रोजे नफल, म्हणजे ऐच्छिक, म्हणून ठीक, पण कफ्फारा तसाच डोक्यावर राहतो.

धाकटा हनफी असेल तर त्याच्यापुढे सोपे मार्ग आहेत. दहा गरिबांना दोन वेळ पोटभर जेवण : सकाळी जे दहा, संध्याकाळी तेच दहा. एकूण वीस ताटं. सकाळी दहा आणि संध्याकाळी वेगळेच दहा असं केलं तर कुणाचंच जेवण पुरं झालं नाही. किंवा साअ या जुन्या अरबी मापाने प्रत्येकाला अर्धा साअ गहू. हे आजच्या मापात साधारण १.६ ते १.७५ किलो धरतात. मोठं माप धरलं तर दहा जणांचे साडेसतरा किलो. किंवा तेवढी किंमत. समजा गहू ४० रुपये किलो असेल, तर एकाला ७० रुपये, दहांना ७००. आपल्याकडे भात खातात, पण हनफी हिशेबात तांदूळ द्यायचा तर गव्हाच्या या किमतीएवढा द्यायचा. एकाच गरिबाला दहा दिवस दिलं तरी चालतं, पण दहाही वाटे एका दिवशी एकालाच दिले तर ते एकाच दिवसाचं धरलं जातं.

शाफई असेल तर माप लहान, पण नियम कडक. प्रत्येकाला एक मुद्द, म्हणजे पाव साअ, त्या गावच्या मुख्य धान्याचा. गोव्यात म्हणजे तांदूळ. साधारण ६०० ग्रॅम होतात, खबरदारी म्हणून पाऊण किलो देतात, म्हणजे दहा जणांचे साडेसात किलो. धान्य त्यांच्या हातात, त्यांच्या मालकीचं करून द्यायचं. पैसे चालत नाहीत, बसवून जेवू घातलं तर भागत नाही, आणि माणसं दहाच वेगवेगळी हवीत.

माप एवढं वेगळं का? अर्धा साअ विरुद्ध पाव साअ हा एक फरक, आणि साअसुद्धा इराकचा मोठा, मदिनेचा लहान. अबू हनीफांचे शिष्य अबू युसुफ मदिनेला गेले, तिथल्या घरांतली जुनी मापं पाहिली आणि साअच्या बाबतीत मत बदललं असं सांगतात.

कपड्यांत हनफींना अंग झाकणारा पोशाख हवा, नुसता पायजमा पुरत नाही. शाफईंना 'कपडा' म्हणता येईल ते पुरतं, डोक्याचा रुमालसुद्धा.

कोणाला द्यायचं? गरिबाला. आई-वडील, मुलं, बायको यांना नाही. मशिदीच्या पेटीत टाकलेले पैसे कफ्फारा होत नाहीत, कारण मशीद म्हणजे गरीब माणूस नव्हे. ही दुसरी नेहमीची चूक. एखाद्या संस्थेला द्यायचं असेल तर 'हे शपथेच्या कफ्फाऱ्याचं, दहा जणांचं' असं सांगून, तसंच वाटलं जाईल याची खात्री करून द्या. नियत देताना हवी. मागे दिलेली खैरात आता कफ्फाऱ्यात वळती करता येत नाही.

कधी द्यायचं? हनफींकडे मोडल्यानंतरच, आधी दिलं तर धरत नाहीत. शाफईंकडे अन्न किंवा कपडे आधी देऊन मग आत जाता येतं, रोजे मात्र मोडल्यानंतरच.

आणि खरंच ऐपत नसेल तर तीन रोजे. हनफींकडे ते सलग हवेत. पैगंबरांचे सोबती इब्न मसऊद यांच्या कुराणपठणात 'सलग' हा शब्द होता, त्याचा ते आधार घेतात. मध्ये एक सुटला तर पहिल्यापासून, बाईला मध्ये पाळी आली तरीही. तिसरा रोजा पुरा होण्याआधी हातात पुरेसे पैसे आले तर रोजे सोडून अन्नाकडे वळायचं. शाफईंकडे तीन रोजे सुटे सुटे धरले तरी चालतात.

यातलं काहीच कोणी तुमच्याकडून वसूल करायला येत नाही, जुन्या काळीही येत नसे. काझीपुढे हा दावा होत नाही, थोरला भाऊ कफ्फारा मागू शकत नाही. ते देणं-घेणं माणसाचं आणि अल्लाचं.

आमचा धाकटा हनफी निघाला. थोरल्याच्या खाटेजवळ बसून आला, दुसऱ्या दिवशी त्याने ओळखीच्या दहा मजुरांना सकाळी आणि संध्याकाळी जेवायला बोलावलं. संध्याकाळी नऊच आले, एक गावी गेला होता. त्याच्या जागी शेजाऱ्याला बसवलं तर चालेल का, म्हणून त्याने मौलानांना फोन केला. मौलाना म्हणाले, "नाही. नऊंचं झालं. दहाव्याचं राहिलं. तो परत आला की त्याला एक वेळ जेवू घाला, नाहीतर दुसऱ्या कुणाला दोन वेळ." धाकट्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं : एक बाकी.